सुतक कळल्यापासून धरतात

सदर इसम, वय बहात्तर, उंची मध्यम, वर्ण गव्हाळ, निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, यांचा जन्म एका घरात झाला असून वयाच्या चौथ्या वर्षी ते रीतसर विधी होऊन दुसऱ्या घरात दत्तक गेले आहेत. सबब त्यांचे आडनाव, गोत्र, वारसाहक्क व सुतक ही सर्व दुसऱ्या घराकडे वर्ग झालेली आहेत. जन्म देणाऱ्या मातेस त्यांनी यापुढे 'मावशी' असे संबोधावे, असे उभयपक्षी ठरले. कारण दत्तक घेणारी तिची सख्खी धाकटी बहीण होती, आणि एकाच हाकेला दोघींनी ओ देऊ नये अशी सर्वांची इच्छा होती. सदर इसमाची याबाबत कोणतीही तक्रार नाही. त्याला कोणी विचारलेले नाही.

दोन्ही घरांत त्यांना ट्रंककाका म्हणतात. हल्लीच्या मुलांना वाटतं, काकांकडे कधीकाळी मोठी लोखंडी पेटी असावी. ट्रंक कॉल ही काय चीज होती हे समजावून सांगायला काकांनाही आता कंटाळा येतो. परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला फोन करून नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं, एवढं ऐकल्यावरच मुलं त्यांच्याकडे अशा नजरेने बघतात की जणू काका गुहेतून आले आहेत.

पण ती खोली त्यांना अजून डोळ्यांपुढे दिसते. उंच छत, एका भिंतीला उभे बोर्ड, बोर्डावर भोकांच्या रांगा, आणि प्रत्येक भोकावर हरभऱ्याएवढा दिवा. दिवा लागला की दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं आणि शांत आवाजात "नंबर?" म्हणायचं. हेडफोनची पट्टी डोक्यावर इतकी वर्षं बसली की तिथे भांग पडला, तो पुढे टक्कल पडेपर्यंत टिकला. उन्हाळ्यात बोर्डाच्या मागून तापलेल्या तारांचा वास येई. शेजारच्या खुर्चीवरची ऑपरेटर बाई दोन कॉलांच्या मधल्या वेळात स्वेटर विणत असे आणि टाका चुकला तर ज्याचा कॉल असेल त्याच्यावर चिडत असे.

दोन्ही घरांत मिळून फोन असा नव्हताच. होता तो ट्रंककाकांच्या नोकरीचा. त्यामुळे कोणीही जन्मलं किंवा गेलं की बातमी आधी त्यांच्याकडे येई. कोणीतरी पोस्टात नाहीतर डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन फोन लावी, आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणे, "अमुक गेले रे. पुढचं तू बघ." पुढचं बघणं म्हणजे भाऊबंदांना, कोणाला शेजारच्या तर कोणाला दुकानातल्या फोनवर बोलावून, कळवणं. आणि इथेच काकांच्या आयुष्यातलं खरं काम सुरू होई, ज्याचा पगार सरकारने कधी दिला नाही.

कारण सुतक हे माणूस गेल्यामुळे लागतं, पण लागतं ते कळल्यावर. ही मेख काकांना विशीतच कळली होती. भाऊबंदकीतलं कोणी गेलं, तर दहा दिवस देवाला शिवायचं नाही, दुसऱ्यांनी आपल्याला शिवायचं नाही, मंगलकार्य करायचं नाही. सहाव्या दिवशी कळलं तर उरलेले चार. दहा दिवस उलटून गेल्यावर तीन महिन्यांच्या आत कळलं तर तीन, सहा महिन्यांच्या आत दीड, वर्षाच्या आत एक, आणि त्याहून शिळी बातमी असेल तर नुसती आंघोळ. जन्माची सोयर याहून सरळ: तीही दहा दिवस, पण दहा दिवसांनी कळली तर लागतच नाही. आनंद शिळा झाला की संपतो, दुःखाला मात्र मुदतवाढ मिळते. शास्त्रकारांना माणसांची चांगली पारख असावी, असं काकांचं मत होतं. या सगळ्याला मोठा अपवाद आईवडिलांचा. मुलाला ते कधीही कळो, कळल्या दिवसापासून पूर्ण दहा.

तेव्हा काका फोन लावला की आधी बातमी देत नसत. आधी विचारत, "जेवणं झाली का?" कारण बातमी कळल्यावर ताटावरून उठावं लागतं. मग विचारत, "काय चाललंय घरात?" समोरचा म्हणाला की परवा मुलीचं लग्न आहे, तर काका दुसरा प्रश्न टाकत: नांदी झाली का? लग्नाआधीचा हा विधी एकदा झाला की कार्य सुरू झालं असं धरतात, आणि सुरू झालेल्या कार्याला मग सुतक अडवत नाही. नांदी झाली असेल तर काका बातमी देत. झाली नसेल तर म्हणत, "बरं बरं, सहज फोन केला होता," आणि दोरी काढून घेत. लग्न पार पडलं की चौथ्या दिवशी पुन्हा फोन. समोरच्यालाही कळलेलं असे की तो सहज फोन सहज नव्हता. पण कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर कळलं असतं.

जे लोक सुतकामुळे कार्याला येऊ शकत नसत त्यांच्यासाठी कारण लागे. काकांनी एक सार्वत्रिक कारण तयार ठेवलं होतं: कंबर. ताप म्हटलं तर लोक भेटायला येतात, पोट म्हटलं तर उपाय सांगतात. कंबरेला कोणाकडेच काही उत्तर नसतं. दोन घरांतल्या जवळजवळ प्रत्येकाची कंबर काकांनी केव्हा ना केव्हा धरायला लावली होती.

काळ बदलला, बोर्ड भंगारात गेले, काका निवृत्त झाले. प्रश्न मात्र येतच राहिले, उलट वाढले. पुतण्याने विचारलं की वरच्या मजल्यावर चुलत्याचा फ्लॅट वेगळा, गॅस वेगळा, तर मग सुतक जिना चढून येतं का? काका म्हणाले, सुतक रक्ताला लागतं, गॅसला नाही. परदेशातल्या भाचेसुनेचा मुलगा तिकडे रात्री जन्मला तेव्हा इकडे दुसरा दिवस उजाडला होता. सोयर कुठल्या तारखेपासून धरायची यावर सासू आणि सून यांच्यात दोन दिवस व्हिडिओ कॉल चालला. एका तरुणाने कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुपच म्यूट करून ठेवला, नव्या दुकानाचं उद्घाटन होईपर्यंत. मग वाद निघाला की निळी खूण उमटली म्हणजे कळलं धरायचं, की मेसेज खरोखर शेवटपर्यंत वाचला म्हणजे? काकांनी निर्णय दिला की निळी खूण म्हणजे कळलं, आणि ज्यांनी ती खूणच बंद करून ठेवली आहे त्यांनी देवाशी काय ते बघून घ्यावं. लोक हसले, पण दुसऱ्या दिवशी तिघांनी खूण बंद केली.

या सगळ्या न्यायदानात काकांचा स्वतःचा खटला एकच होता, आणि तो त्यांनी कधी बोर्डावर घेतला नाही. दत्तक गेलेल्या मुलाला दत्तक घरचं सुतक पूर्ण. जन्म देणाऱ्या आईवडिलांचं तीन दिवस. जन्माचे वडील गेले तेव्हा काका नोकरीत होते. तीन दिवस पाळून ते ड्यूटीवर हजर झाले, तर सुपरवायझर म्हणाला, "अहो, वडील गेले ना तुमचे?" काका म्हणाले, "जन्माचे." सुपरवायझरला ते कळलं नाही, आणि एक दिवा लागला, तेव्हा काकांनी दोरी उचलली.

मावशी मात्र राहिली. खूप राहिली. घेणारी आई गेली, घेणारे वडील गेले, काकांची बायकोही सहा वर्षांपूर्वी गेली, आणि मावशी आपल्या थोरल्या मुलाकडे, दादाकडे, जुन्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर बसून होती. लहानपणी सुट्टीत काका तिच्याकडे जात तेव्हा ती पहिल्या दिवशी दोघांची नखं कापत असे. आधी ह्याची, मग दादाची. दादा म्हणायचा, मी मोठा आहे, माझी आधी. ती म्हणायची, तू कुठे पळून जाणार आहेस. निघायच्या दिवशी ती काहीतरी शोधायला आत जाई आणि टांगा सुटेपर्यंत ती वस्तू तिला सापडत नसे. तिने काकांना नावाने हाक मारलेली कोणाला आठवत नाही. ते आले की ती घरातल्यांना सांगे, "हा आला." तेवढंच. आणि ते तिला मावशी म्हणत, ठरल्याप्रमाणे.

नातीचं लग्न ठरलं तेव्हा काकांनी मुलाला सांगितलं की नांदी चार-आठ दिवस आधी उरकून घे, शास्त्राला चालतं. आपल्या दोन्हीकडे म्हातारी माणसं आहेत. मुलगा म्हणाला, "बाबा, हॉलच्या पॅकेजमध्ये सगळं एकाच दिवशी आहे. गुरुजी पण पॅकेजमध्येच आहेत." पॅकेजला काय उत्तर द्यायचं हे शास्त्रात नव्हतं.

लग्न छान झालं. पॅकेजमधले गुरुजी वेळेवर आले, जेवणात मीठ बरोबर होतं, नात रडली आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ वाहून गेलं नाही, कारण हल्ली ते पाण्याने जात नाही. फक्त दादाकडचं कोणी आलं नाही. काकांनी सुनेला विचारलं तेव्हा ती नवरदेवाच्या मामीचं ताट वाढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दादाकाकांची कंबर धरलीय म्हणे."

काका तिथेच उभे राहिले. हातात पाण्याचा पेला होता, तो त्यांनी सावकाश संपवला. मग खिशातून फोन काढला, दादाचं नाव काढलं, आणि अंगठा त्याच्यावर धरून थोडा वेळ तसेच राहिले. मागे सनई लावलेली होती. कोणीतरी म्हणालं, आजोबा, फोटोला चला. काकांनी फोन खिशात ठेवला आणि फोटोला गेले. त्या फोटोत ते सगळ्यांपेक्षा ताठ उभे आहेत.

लग्नानंतर आठ दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, काका बाल्कनीत खुर्चीच्या सैल झालेल्या पट्ट्या आवळत बसले होते. मुलगा ऑफिसातून लवकर आला. बूट काढून आला, शेजारच्या कुंडीच्या कठड्यावर टेकला, आणि म्हणाला, "बाबा, जेवलात का?"

चार वाजता.

काकांनी पक्कड खाली ठेवली. "झालंय," ते म्हणाले. "बोल."

मुलाने सांगितलं. मावशीआजी गेली. लग्नाच्या सहा दिवस आधी, पहाटे, झोपेत. दादाकाकांचा फोन आला होता, सुनेने घेतला. दादाकाका म्हणाले, त्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, घरात कार्य आहे. मग दोघांनी रात्रभर विचार केला. हॉल, पाहुणे, विमानाची तिकिटं, नवरदेवाची रजा. कोणाला विचारावं म्हटलं तर, मुलगा म्हणाला आणि थांबला, कारण या घरात विचारायचा माणूस एकच होता आणि त्याच्यापासूनच लपवायचं होतं.

काकांनी पक्कड पुन्हा उचलली आणि तशीच हातात धरली. राग आला असावा, पण तो कोणावर करायचा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ही सगळी रीत त्यांचीच होती, प्रश्नासकट. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं ते सवयीचं निघालं. बोर्डावर बसलेल्या माणसासारखे ते सपाट आवाजात म्हणाले, "सांगायला हरकत नव्हती. तीनच दिवस असतात."

"कशाचे?"

"मी दत्तक आहे. जन्माच्या आईचं मला तीन दिवस. सहा दिवस आधी गेली म्हणजे लग्नाच्या आधीच सुटलं असतं. मी जाऊन, आंघोळ करून, परत आलो असतो."

सून दारात येऊन उभी होती. तिने दारच धरलं. मुलाच्या चेहऱ्यावर आधी हिशोब दिसला, आणि हिशोब जुळल्यावर जे दिसलं ते काकांना बघवलं नाही, म्हणून ते खुर्चीच्या पट्टीकडे बघू लागले. शेवटचं दर्शन हुकलं होतं, खांदा द्यायचा हुकला होता, आणि तेही कारण नसताना. मुलगा दोन-तीनदा "म्हणजे" म्हणाला आणि पुढे गेला नाही.

मग सून हळूच म्हणाली, "आम्ही दहा धरले. आई म्हटल्यावर दहाच ना, बाबा?"

तिने ते चूक कबूल करावी तसं म्हटलं होतं. काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. अडुसष्ट वर्षांत दोन घरं, दोन कुळं आणि कित्येक गुरुजी यांच्यापैकी कोणीही ही चूक केली नव्हती. सगळ्यांनी नेहमी बरोबर तीन धरले होते. ते स्वतःही. आणि ह्या पोरीने, जिला सोयर आणि सुतक यातला फरक दरवेळी पुन्हा सांगावा लागतो, घाबरून, घाईत, शास्त्राकडे ढुंकूनही न बघता, मोजताना दहा मोजले होते.

"हो," काका म्हणाले. "दहाच."

मुलाला वाटलं बाबांचं काहीतरी चुकतंय. त्याने फोनवर शोधलं असावं, कारण थोड्या वेळाने तो येऊन चाचरत म्हणाला की तीन दिवसांचं सुतक उशिरा कळलं तर उशिराचे दिवस नसतात, फक्त आंघोळ करायची, असं लिहिलंय. ते बरोबर होतं. काकांनीच हे गेल्या वर्षी एका मेव्हण्याला सांगून मोकळं केलं होतं, आणि मेव्हणा दुपारी सिनेमाला गेला होता.

"बरोबर लिहिलंय," काका म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

आंघोळ करून आल्यावर त्यांनी आपल्या खोलीतली गादी गुंडाळून भिंतीशी उभी केली आणि जमिनीवर चटई अंथरली. सुनेला सांगितलं की देवाचं तुम्ही दोघं बघा, मी त्या खोलीत येणार नाही. माझं ताट वेगळं ठेव, गोड काही नको. आणि दाढीचं सामान त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. सुनेने विचारलं, आम्हाला पण काही पाळायचं का? काका म्हणाले, तुम्हाला काहीच नाही. मग म्हणाले, तुम्ही तुमचे आधीच पाळलेत, लपवून.

तिने फोडणीशिवाय केलेलं जेवण ताटात वाढलं आणि ताट लांबून सरकवलं, थोडं जास्तच लांबून, त्यामुळे भात कलंडला. दोघांनाही हसू आलं आणि दोघांनीही ते आवरलं.

पुढच्या दिवसांत लोक येऊन गेले. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, अहो, तुम्हीच आम्हाला नियम सांगता आणि तुम्हीच हे काय. काकांनी त्यांना चहा दिला नाही, कारण सुतकात देत नाहीत, आणि मास्तरांना उत्तर मिळाल्यासारखं वाटून ते उठले. पुतण्याचा मेसेज आला की हे नेमकं कुठल्या नियमात येतं, नोंद करून ठेवतो. काकांनी तो वाचला. निळी खूण उमटली.

दिवस लांब होते. देवाला शिवायचं नाही, कुठे जायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही. काकांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं लोकांना दहा दिवस वाटून दिले, पण ते असे आतून किती मोठे असतात हे आपण विसरलो होतो. दुपारी चटईवर पडलं की खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर सरकताना दिसे. ते आपली नखं बघत. ती वाढली होती. सुतकात कापत नाहीत.

दादाचा फोन आला तेव्हा पाचवा दिवस होता. दादाचं सगळं केव्हाच उरकलं होतं. दहावा, तेरावा, गोडाचं जेवण. त्याचा आवाज नेहमीसारखा खेकसल्यासारखा होता. हे काय ऐकतोय मी, तो म्हणाला, या वयात जमिनीवर झोपतोस, शास्त्र सोडलंस काय? इथलं सुटून इतके दिवस झाले, तुझं कुठलं चालू आहे?

काका म्हणाले, "दादा, आई गेली."

तिकडून काही आलं नाही. पूर्वी अशा वेळी काका लाइन गेली का म्हणून बोर्ड तपासत असत. आता तपासायला काही नव्हतं. त्यांनी नुसता फोन कानाशी धरून ठेवला.

"हो रे," दादा म्हणाला. मग घसा साफ करून, पुन्हा खेकसत, त्याने एक जुनी तक्रार काढली. तुझा मुलगा झाला तेव्हा, म्हणाला, तुझी तार आली आणि आईने दहा दिवस सोयर धरली. आमचं त्यात काही नव्हतं, तू दत्तक, तिलाही फार तर एक दिवस. गुरुजींनी येऊन समजावलं. ऐकते कुठली. दहा दिवस देवघरात गेली नाही, आम्हालाही जाऊ दिलं नाही, शेजाऱ्याला बोलावून पूजा करून घ्यावी लागली. लोकांना सांगायची, हात मुरगळलाय.

"मला कधी बोलला नाहीस."

"तिने सांगू दिलं नाही. म्हणाली, त्याला कळलं तर त्याला उगाच वाटेल." दादा थांबला. "तुम्ही दोघं सारखेच येडे."

नंतर त्याने चटई जाड आहे ना, पंखा आहे ना, गोळ्या घेतोस ना, अशी चौकशी केली, आणि सुटलं की ये म्हणाला, तिची खोली अजून तशीच आहे. काकांनी येतो म्हटलं. फोन कोणी आधी ठेवला ते सांगता येणार नाही.

सून ताट घेऊन आली, तेव्हा काका भिंतीला टेकून हनुवटी खाजवत बसले होते. तिने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही. पाचव्या दिवसापासून दाढी फार खाजते.